गेट स्कोअरची मुदत आणि पुन्हा परीक्षा देण्याचा प्रश्न

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आणि काही सरकारी कंपन्यांच्या भरतीसाठी घेतल्या जाणाऱ्या गेट परीक्षेचा स्कोअर निकाल जाहीर झाल्यापासून 3 वर्षे ग्राह्य धरला जातो. ही परीक्षा कितीही वेळा देता येते आणि तिला वयाची अटही नाही. एमएचटी-सीईटीचे गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते असतात, तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या 2 वर्षांत जास्तीत जास्त 2 वेळा देता येते. त्या मानाने गेटचे नियम सैल वाटतात. मात्र 3 वर्षांची मुदत प्रत्यक्षात किती प्रवेशहंगामांना पुरते, हे परीक्षा पदवीच्या कोणत्या वर्षी दिली यावर ठरते.

गेट फेब्रुवारीत होते, निकाल मार्चच्या मध्याला लागतो आणि एम.टेक.च्या अर्जांची गर्दी त्यानंतरच्या आठवड्यांत सुरू होते. 2024 चा निकाल 16 मार्च 2024 रोजी लागला, म्हणजे तो स्कोअर 2024, 2025 आणि 2026 या 3 हंगामांत चालतो आणि 2027 चा हंगाम उघडत असतानाच संपतो. गेट 2021 पासून पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा देता येते. नाशिक हे परीक्षाकेंद्र असलेले शहर असल्यामुळे इथल्या, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील बरेच विद्यार्थी ‘थर्ड इयरला एकदा देऊन पाहू’ म्हणून अर्ज भरतात. सरावासाठी ते ठीक आहे. पण अशा विद्यार्थ्याची पदवीच पुढच्या वर्षी पूर्ण होणार असल्यामुळे त्याच्या मुदतीतला पहिला हंगाम आपोआप वाया जातो आणि हाती 2 हंगाम उरतात. तोच स्कोअर शेवटच्या वर्षी मिळवला असता, तर तिन्ही हंगाम उपयोगी पडले असते.

याच विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण वारंवार उद्भवते. पात्र उमेदवाराला स्कोअरकार्ड निकालाच्या वर्षी 31 मेपर्यंत विनामूल्य उतरवून घेता येते. त्यानंतर 31 डिसेंबरपर्यंत 500 रुपये भरून ते मिळते आणि पुढच्या 1 जानेवारीपासून मिळतच नाही. तिसऱ्या वर्षात असताना कुठे अर्ज करायचा नसल्यामुळे निकाल पडद्यावर पाहून समाधान मानले जाते. वर्षभराने अर्ज भरताना कागद लागतो, तेव्हा स्कोअर ग्राह्य असूनही तो दाखवायला काही हाती नसते. स्कोअरची मुदत आणि स्कोअरकार्ड मिळण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुन्हा परीक्षा द्यावी का, याचा विचार करताना गुण आणि स्कोअर यांत गल्लत होऊ देऊ नये. शंभरपैकी मिळालेले गुण त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यावर अवलंबून असतात, म्हणून दोन वर्षांच्या गुणांची तुलना होत नाही; तुलना स्कोअरची होते. तो असा काढतात:

S = 350 + 550 × (M − Mq) / (Mt − Mq)

यात M म्हणजे उमेदवाराचे गुण आणि Mq म्हणजे त्या विषयातील खुल्या प्रवर्गाचे पात्रता गुण. हे पात्रता गुण 25 किंवा सर्वांची सरासरी अधिक प्रमाण विचलन, यांपैकी जे जास्त ते असतात. Mt म्हणजे सर्वांत वरच्या उमेदवारांच्या गुणांची सरासरी; त्यासाठी वरचे 0.1 टक्के किंवा वरचे 10, यांपैकी जी संख्या मोठी ती घेतली जाते.

समजा, नाशिकच्या यंत्र अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी 41 गुण पडले आणि त्या वर्षी पात्रता गुण 28 व वरची सरासरी 84 होती. त्याचा स्कोअर 478 होतो. पुढच्या वर्षी त्याने 46 गुण मिळवले, पण प्रश्नपत्रिका सोपी निघाल्यामुळे पात्रता गुण 32 आणि वरची सरासरी 90 झाली. आता स्कोअर 483 येतो. घरच्यांना 5 गुणांची प्रगती दिसते, प्रवेशाच्या यादीत मात्र तो जवळजवळ होता तिथेच असतो. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.)

याच सूत्रातून पुनर्प्रयत्नाचा अंदाजही बांधता येतो. वरच्या उदाहरणातील दोन्ही वर्षी एका गुणाची किंमत साधारण 10 स्कोअर इतकी पडते. हव्या असलेल्या शाखेचा मागील वर्षांचा शेवटचा प्रवेश 560 च्या आसपास बंद झाला असेल, तर 483 वाल्याला सुमारे 8 गुण वाढवावे लागतील, म्हणजे दोन गुणांचे 4 प्रश्न जास्त बरोबर यायला हवेत. जुनी उत्तरपत्रिका उघडून असे 4 प्रश्न कुठून येतील हे नेमके दाखवता येत असेल, उदाहरणार्थ चुकीच्या उत्तरांपायी गेलेले ऋण गुण किंवा वेळेअभावी सोडलेला एखादा विषय, तर पुन्हा बसण्याला आधार आहे. तसे दाखवता येत नसेल, तर नुसते ‘यंदा जास्त अभ्यास करीन’ म्हणणे पुरेसे नाही, कारण वरच्या गटातले उमेदवारही तेच करत असतात.

नवा स्कोअर कमी आला म्हणून जुना रद्द होत नाही. दोन्ही आपापल्या तारखेपर्यंत ग्राह्य राहतात. त्यामुळे नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवून पुन्हा परीक्षा देण्यात स्कोअरचा धोका नाही. धोका आहे तो सगळे सोडून एक वर्ष घरी बसण्यात, म्हणजे ज्याला बोलीत ‘ड्रॉप’ म्हणतात त्यात. हाती 2 हंगाम शिल्लक असलेला स्कोअर असताना ड्रॉप घ्यावा असे प्रस्तुत लेखकाला सहसा वाटत नाही.

नोकरभरतीत हे गणित बदलते. तिथे 3 वर्षांची मुदत बंधनकारक नसते. जाहिरातीत लिहिलेले वर्षच चालते. एनटीपीसीसारख्या कंपन्या ठरावीक एकाच वर्षाचा गेट स्कोअर मागतात, तर एनपीसीआयएलने 2025 च्या भरतीत 2023, 2024 आणि 2025 हे तिन्ही स्वीकारले. प्रयत्नांची मर्यादाही इथे आडवाटेने येते: खुल्या प्रवर्गासाठी या दोन भरतींतील वयोमर्यादा अनुक्रमे 27 आणि 26 अशी असल्यामुळे, बाविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याला उपयोगी पडणारे प्रयत्न चार-पाचच असतात.

जुना स्कोअर वापरताना त्यासोबतची कागदपत्रे मात्र जुनी चालत नाहीत. इतर मागासवर्गीय उमेदवाराला आयआयटी व एनआयटीच्या प्रवेशासाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातील आणि चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे 1 एप्रिलनंतरचे, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र दर हंगामात नव्याने लागते. नाशिकमध्ये त्याचा अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून प्रांत कार्यालयाकडे जातो आणि अर्ज करताना केंद्राचा नमुना हवा असल्याचे स्पष्ट सांगावे लागते, अन्यथा राज्याच्या नमुन्यातील दाखला हाती पडतो. दरमहा 12,400 रुपयांच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी स्कोअर प्रवेशाच्या वेळी ग्राह्य असावा लागतो. अभ्यासक्रम चालू असताना त्याची मुदत संपली तरी शिष्यवृत्ती त्या कारणाने थांबत नाही.