३० दिवसांनंतरही रुग्णाला दाखल ठेवायचे असेल तर: पुनरावलोकन मंडळापुढचा अहवाल

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ खाली रुग्णाला त्याच्या संमतीविना, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, जास्तीत जास्त ३० दिवस दाखल ठेवता येते. त्यापुढे कलम ९० लागू होते आणि प्रकरण मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाते. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय असो की पुण्यातले खासगी रुग्णालय, नियम एकच.

कलम ९० साठी प्रतिनिधीचा नवा अर्ज लागतो आणि दोन मनोविकारतज्ज्ञांनी मागच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे केलेली तपासणी लागते. कलम ८९ मध्ये दुसरा तपासणारा साधा डॉक्टर चालतो, इथे चालत नाही. दोघांच्या प्रमाणपत्रांत शब्दशः तोच परिच्छेद दिसला, तर स्वतंत्र तपासणी झाली यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मंडळाला सात दिवसांत कळवावे लागते आणि मंडळ २१ दिवसांत परवानगी देते किंवा सोडण्याचा आदेश देते. सोबत निर्णयक्षमतेची नोंद (दर पंधरवड्याला नवी), आगाऊ निर्देश असल्यास त्याची प्रत, औषधांचा तक्ता, नर्सिंग नोंदी आणि घरी गेल्यावरच्या उपचारांचा आराखडा जोडा.

अहवाल बहुतेक वेळा अडतो तो धोक्याच्या परिच्छेदावर. कलम ८९ ला अलीकडची घटना पुरते. कलम ९० मात्र सातत्य मागते: रुग्णाने काही काळ सतत स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, इतरांशी हिंसक वागला किंवा त्यांना इजेची भीती वाटेल असे वागला, किंवा स्वतःला इजा होण्याचा धोका निर्माण होईल इतकी स्वतःची काळजी घेऊ शकला नाही. ‘रुग्ण स्वतःस व इतरांस धोकादायक’ एवढ्या वाक्यातून यातले काहीच सिद्ध होत नाही.

समजा, धायरीची ४२ वर्षांची बाई, स्किझोफ्रेनिया, सत्तरीतल्या आईसोबत राहते. अन्नात विष आहे अशी तिची पक्की समजूत. तिच्याबद्दल असे लिहावे: ‘वर्षभरात दोनदा गोळ्या बंद केल्यावर तीनेक आठवड्यांत जेवण-पाणी सोडले, दोन्ही वेळा शरीरातले पाणी कमी होऊन सलाईन लावावे लागले. या वेळी दाखल होताना वजन ४४ किलो, आधी ५२. आज ४६.५ किलो, पाकीटबंद बिस्किटे आणि आईच्या हातचे खाते, वॉर्डातले जेवण नाकारते. इतरांना इजा केल्याची नोंद नाही.’ शेवटचे वाक्य आणि सुधारणेची नोंद गाळू नका. नर्सिंग नोंदी मंडळासमोर असतातच. अहवालात ‘आक्रमक’ आणि नोंदीत बारा दिवस ‘शांत, झोप चांगली’ असेल, तर बाकीच्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

यानंतर आज सोडले तर काय होईल, हे कारणासहित सांगा: गोळी विषारी आहे असे ती अजून म्हणते, घरी गोळ्या देणारी एकटी आई, आणि मागच्या दोन्ही वेळचा क्रम हाच होता.

मग कमी बंधनाचे पर्याय. ‘विचार केला, योग्य वाटले नाहीत’ असे लिहून भागत नाही. प्रत्येक पर्यायाला स्वतःचे उत्तर हवे. स्वेच्छेने दाखल होणे: विचारले का, ती काय म्हणाली? घरी राहून बाह्यरुग्ण विभाग: गेल्या खेपेस कितव्या भेटीनंतर येणे थांबले? महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन: सुरू केले का, दुसरा डोस केव्हा? हाफवे होम किंवा दिवसभराचे केंद्र: कुणाशी बोलणे झाले, त्यांनी काय सांगितले? एक गोष्ट मात्र कारण म्हणून चालत नाही. राहत्या ठिकाणी अशी सेवाच नाही, एवढ्यावर रुग्णाला ठेवता येत नाही. कुटुंब घेऊन जायला तयार नाही, हेही कायद्याला कारण म्हणून मान्य नाही. तिच्याबाबतीत पटणारे कारण असे: इंजेक्शनचा पहिलाच डोस झाला आहे आणि त्याचा परिणाम स्थिरावेपर्यंत खाण्यावर रोज लक्ष ठेवायला घरी एकट्या आईशिवाय कुणी नाही.

पहिल्या परवानगीची कमाल मर्यादा ९० दिवस आहे, म्हणून ९० च मागायला हवेत असे नाही. इथे ४५ दिवस पुरावेत: दुसरा डोस, वजन ४९ च्या पुढे, मग दोन दिवसांची रजा देऊन घरी जेवते का ते पाहणे. एवढे जमले तर मुदत संपायची वाट न पाहता सोडायचे, हेही लिहा. निकष लागू राहिले नाहीत की रुग्णाला सोडावेच लागते. ९० नंतरची मुदतवाढ आधी १२० आणि मग प्रत्येक वेळी १८० दिवसांपर्यंत मिळू शकते, पण त्या प्रत्येक वेळी हे सगळे नव्याने दाखवावे लागते.

अहवाल रुग्ण स्वतः वाचणार हे धरून लिहा. समोरच्या पक्षाने आधार घेतलेली कागदपत्रे पाहण्याचा, वकील किंवा आपल्या पसंतीचा प्रतिनिधी आणण्याचा तिला हक्क आहे. सुनावणी बंद दाराआड होते आणि मंडळाकडच्या अर्जाला फी नाही. तिचे स्वतःचे म्हणणे, ‘मला घरी जायचंय, आईच्या हातचं मी खाते,’ तिच्याच शब्दांत अहवालात घाला आणि त्याला उत्तर द्या. निकाल मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.