डिझाइन रिव्ह्यूची नोंद : परिच्छेद आणि तक्ता

डिझाइन रिव्ह्यूची नोंद : एखाद्या यंत्राचा, विद्युत् मंडलाचा किंवा संगणकप्रणालीचा आराखडा जाणकारांनी तपासल्यावर काय ठरले, कोणते पर्याय बाजूला पडले आणि का, याचा लेखी दस्तऐवज. बैठकीला हजर असणाऱ्यांना ही नोंद फारशी लागत नाही. ती लागते दोनतीन वर्षांनी त्याच मंडलाला हात लावणाऱ्या अभियंत्याला. ती सलग परिच्छेदांत लिहावी की तक्त्यात मांडावी, यावर दोन परंपरा आहेत. त्या वेगवेगळ्या कामांतून आल्यामुळे त्यांच्यातला वाद बऱ्याचदा निष्कारण लांबतो.

उगम : तक्त्याच्या परंपरेचे मूळ काही लेखक बेंजामिन फ्रँक्लिन याने जोसेफ प्रीस्टली याला सप्टेंबर १७७२ मध्ये लिहिलेल्या पत्रापर्यंत नेतात. कागदाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला अनुकूल व दुसऱ्या बाजूला प्रतिकूल कारणे लिहावीत, तीनचार दिवस त्यांत भर घालावी आणि समान वजनाची कारणे एकमेकांसमोर खोडत जावे, अशी युक्ती त्यात सांगितली आहे. पण ही युक्ती निर्णय घेण्याची आहे, तो पुढच्या माणसासाठी टिपून ठेवण्याची नाही. खोडाखोड झाल्यावर कागदावर जे उरते, त्यावरून तिसऱ्या माणसाला काही कळेलच असे नाही. म्हणून हा उगम लांबचा मानणे बरे.

रिव्ह्यूच्या दृष्टीने अधिक जवळचा धागा दोषनोंदीच्या तक्त्यांचा आहे. अमेरिकी लष्कराच्या १९४९ च्या ‘MIL-P-1629’ या कार्यपद्धतीत बिघाडाचे प्रकार आणि त्यांचे परिणाम पद्धतशीरपणे नोंदवण्याची रीत आहे. पुढे उद्योगांत रूढ झालेले बिघाड-विश्लेषणाचे तक्ते याच वळणाचे. आयबीएममधील मायकेल फॅगन याने १९७६ मध्ये आराखडा व प्रोग्रॅम तपासण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यातही चुका प्रकार आणि गांभीर्यानुसार टिपल्या जातात. बैठकीत चुका शोधायच्या, उपायांवर चर्चा करत बसायचे नाही, हा तिचा कटाक्ष होता. अशा नोंदीत प्रत्येक ओळ स्वतंत्र असते. सातव्या ओळीतला दोष दुरुस्त झाला तरी बाराव्या ओळीचा अर्थ बदलत नाही, म्हणून तक्ता तिथे उत्तम चालतो. निर्णयांचे तसे नसते. एक निर्णय दुसऱ्यावर टेकलेला असतो, आणि दोषांसाठी घडलेला तक्ता निर्णयांसाठी वापरताना नेमके हे टेकणे हरवते.

तौलनिक तक्ता स्टुअर्ट पग या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाशी जोडला जातो. १९८१ च्या सुमारास त्याने मांडलेल्या पद्धतीत एक पर्याय आधार धरून बाकीचे त्याच्यापेक्षा सरस, हिणकस की सारखेच, हे चिन्हांनी दाखवले जाते. पगचा भर बेरजेवर नव्हता. चिन्हे मांडताना होणाऱ्या चर्चेतून नवे पर्याय सुचावेत, हा हेतू होता. गुणांना भारांक देऊन बेरीज करण्याची सवय त्याच्या नावावर खपवली जाते ती बरोबर नाही.

परिच्छेदांच्या बाजूची परंपरा वेर्नर कुन्झ व होर्स्ट रिटेल यांच्या १९७० च्या लेखापासून मोजणे प्रस्तुत नोंदीस अधिक पटते. प्रश्न, त्यावरच्या भूमिका आणि भूमिकांमागची कारणे असा वादाचा सांगाडा जपावा, असे त्यांनी सुचवले. त्यांची मांडणी परिच्छेदांची नव्हती, जाळ्याची होती. तरी निष्कर्षाबरोबर युक्तिवादही टिकला पाहिजे हा आग्रह तिथे स्पष्ट दिसतो. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हे दोन्ही प्रवाह सहा वर्षांच्या अंतराने समोरासमोर आले. २००५ मध्ये जेफ टायरी व आर्ट अकरमन यांनी रचनाविषयक निर्णयांसाठी डझनाहून अधिक शीर्षकांचा तक्ता सुचवला. २०११ मध्ये मायकेल नायगार्ड याने शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम अशा पाचच भागांची एकदोन पानी नोंद पुढे आणली आणि ती पूर्ण वाक्यांत, परिच्छेदांत लिहावी असे बजावले. तुटक वाक्ये लपवायला ठिपक्यांची यादी वापरू नये, हा त्याचा इशारा आजही लागू पडतो.

एक उदाहरण : तक्ता काय झाकतो हे पाहण्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ. बंद पेटीतल्या एका मोजमाप-यंत्राला १२ व्होल्टपासून ३.३ व्होल्ट हवे आहेत आणि प्रवाह १५० मिलिअँपिअर आहे. पर्याय तीन. लिनिअर रेग्युलेटर साधा व शांत असतो, पण उरलेला दाब उष्णतेत घालवतो. स्विचिंग रेग्युलेटर थंड राहतो, पण विद्युत् गोंगाट करतो. तिसऱ्या पर्यायात स्विचिंगने ३.८ व्होल्टपर्यंत उतरायचे आणि शेवटचा अर्धा व्होल्ट लिनिअरने काढायचा. रिव्ह्यूत पाचपैकी गुण देऊन असा तक्ता झाला :

| निकष (भारांक) | लिनिअर | स्विचिंग | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|
| गोंगाट (४) | ५ | २ | ४ |
| उष्णता (३) | १ | ५ | ५ |
| खर्च (२) | ५ | ३ | २ |
| जागा (१) | ४ | ३ | २ |
| एकूण | ३७ | ३२ | ३७ |

बैठकीने तिसरा पर्याय घेतला. तक्ता मात्र सांगतो की पहिला आणि तिसरा बरोबरीत सुटले. खर्चाचा भारांक दोनऐवजी तीन केला, तर लिनिअर ४२ गुणांवर जाऊन तिसऱ्याच्या ३९ वर मात करतो. हा तक्ता नुसता वाचणाऱ्याला वाटेल की निवड आवडीनिवडीवर झाली.

खरे कारण बेरजेत मावणारे नव्हते. लिनिअर रेग्युलेटरमध्ये (१२ − ३.३) × ०.१५ म्हणजे सुमारे १.३ वॉट उष्णता होते. निवडलेल्या आवरणात दर वॉटला चिपचे तापमान ६० अंशांनी चढते, म्हणजे वाढ ७८ अंशांची. पेटीतली हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते, त्यामुळे चिप १३८ अंशांवर पोहोचते आणि तिची मर्यादा १२५ आहे. तेव्हा उष्णतेत मिळालेला ‘१’ हा कमी गुण नव्हता, तो नकार होता. मर्यादा ओलांडल्याची भरपाई स्वस्ताईने होत नाही. भारांकाची बेरीज मात्र ती होते असे गृहीत धरते.

तक्त्यात आणखी एक गोष्ट लपली आहे. गोंगाटाच्या ओळीत स्विचिंगचा ‘२’ प्रयोगशाळेत मोजून आलेला आहे. तिसऱ्या पर्यायाचा ‘४’ जोडणी तयार नसल्यामुळे अंदाजाने दिलेला आहे. कागदावर दोन्ही आकडे सारखेच ठाम दिसतात. कच्ची मोजमापे तशीच लिहिली असती, तर तिसऱ्या रकान्यात ‘मोजलेले नाही’ असे लिहावे लागले असते. गुणांत रूपांतर केले की अज्ञानालाही अंक मिळतो.

आता हाच निर्णय परिच्छेदात : “लिनिअर रेग्युलेटर नाकारला, कारण १५० मिलिअँपिअरला चिप १३८ अंशांवर जाते. हे बंद पेटी, ६० अंशांची हवा आणि सध्याचे आवरण या तिन्हींवर अवलंबून आहे. प्रवाह १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी झाला, तर चिप सुमारे ११२ अंशांवर राहील आणि हा पर्याय पुन्हा विचारात घ्यावा. तिसऱ्या पर्यायाचा गोंगाट मोजलेला नाही. पहिल्या नमुन्यावर मोजायचा आहे.”

दोन वर्षांनी संवेदक बदलतो आणि प्रवाह ४० मिलिअँपिअरवर येतो. परिच्छेद वाचणाऱ्या अभियंत्याला हिशेब मिनिटाभरात जमतो : ८.७ × ०.०४ म्हणजे सुमारे ०.३५ वॉट, वाढ २१ अंश, चिप ८१ अंशांवर. एक स्विचिंग भाग आणि त्याचे कॉइल काढून टाकता येते. नुसता तक्ता हाती असलेल्या अभियंत्याला ‘उष्णता : १’ एवढेच दिसते. तो भाग जागच्या जागी ठेवतो किंवा सगळा हिशेब नव्याने करतो. काय झाले तर निर्णय उलटेल, ही अट शर्तीच्या वाक्यात सहज बसते, चौकोनात नाही.

तक्त्याची बाजू : परिच्छेदाचे दोषही याच उदाहरणात दिसतात. ओघवते लिहिणारा अडचणीची जागा न कळत टाळून जातो. स्विचिंगच्या गोंगाटावर चार वाक्ये लिहून तिसऱ्याच्या गोंगाटाबद्दल गप्प राहिला, तर वाचणाऱ्याला काही खटकत नाही. तक्त्यात रिकामा चौकोन डोळ्यांत खुपतो, आणि हे त्याचे खरे बळ आहे. म्हणून तीन किंवा अधिक पर्याय त्याच चार-पाच निकषांवर तोलले गेले असतील, तर तक्ता असावाच. फक्त त्यात गुणांऐवजी एककासहित मोजमापे असावीत : वॉट, अंश, मिलिव्होल्ट. मर्यादा असलेल्या निकषाची मर्यादा निकषाच्या नावाशेजारीच लिहावी. ‘चिपचे तापमान, कमाल १२५’ असे वाचले की १३८ हा आकडा आपणच बोलतो. दोनच पर्याय असतील आणि निवड एकाच कारणावर झाली असेल, तर तक्त्याची गरज नाही.

रिकाम्या चौकोनात आडवी रेघ मारून मोकळे होण्याची सवय मात्र घातक आहे. त्या रेघेचे किमान तीन अर्थ होतात : हा निकष इथे लागू नाही, मोजलेले नाही, किंवा मोजले पण भरायचे राहिले. तिन्हींसाठी शब्द लिहावेत. चौकोनात दोनतीन वाक्ये कोंबली जाऊ लागली आणि ‘टीप पाहा’चे प्रमाण वाढले, की मजकूर तक्त्याबाहेर पडू पाहतो आहे असे समजावे.

रिव्ह्यूत निघालेले आक्षेप आणि कामे यांचा वेगळा तक्ता ठेवतात : क्रमांक, आक्षेप, जबाबदार व्यक्ती, मुदत, स्थिती. इथे परिच्छेदाचा हट्ट धरू नये. त्यात नेहमी आढळणारी एकच खोट म्हणजे स्थितीच्या रकान्यात नुसते ‘बंद’ लिहिणे. आक्षेप मान्य होऊन बंद झाला की फेटाळला गेला, हे त्यातून कळत नाही. फेटाळला असेल तर त्याची कारणे सांगणाऱ्या परिच्छेदाचा क्रमांक तिथे द्यावा.

बदल : निर्णय पुढे बदलला तर जुनी नोंद खोडत नाहीत; तिची स्थिती ‘रद्द, नवी नोंद क्रमांक अमुक’ अशी करतात. परिच्छेदांच्या बाबतीत हे सहसा पाळले जाते. तक्त्यात मात्र एखादा आकडा जागेवरच बदलण्याचा मोह होतो, आणि मग १३८ च्या जागी ८१ लिहिलेल्या तक्त्याखाली लिनिअर पर्याय नाकारल्याचा जुना परिच्छेद तसाच उभा राहतो. यासाठी तक्त्याच्या माथ्यावर मोजमापांची तारीख आणि गृहीत प्रवाह लिहून तो तक्ता गोठवतात. नवे आकडे नव्या नोंदीतल्या नव्या तक्त्यात जातात.