बोटभर आधाराचं विज्ञान

जुलैतल्या अमावास्येच्या रात्री माझी आत्या घराच्या मागच्या पडवीत पडली. वय 76, पंधरा वर्षांचा मधुमेह, गुडघे धरलेले, हातात काठी. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं आणि कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी मी वेंगुर्ल्याला पोचले तोवर ओटीवर बसलेल्यांनी निकाल लावला होता. कोणी म्हणालं, देवचाराला गाऱ्हाणं घालायचं राहून गेलं. कोणी म्हणालं, म्हातारपणी तोल जायचाच. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मला ही दोन्ही उत्तरं सारखीच घातक वाटतात, कारण त्यानंतर कोणी पडवी बघायला जात नाही.

मी आत्याला विचारलं, नेमकं कुठे आणि कसं पडलीस? ती म्हणाली, "पाय खंय पडता ताच माका कळना नाय गो."

या एका वाक्यात सगळं निदान आहे. आपण स्थिर उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण उभं शरीर कधीच स्थिर नसतं. तळहातावर खराटा उभा धरून बघा, हात सतत थोडा इकडे थोडा तिकडे करावा लागतो. आपलं शरीर घोट्यांवर तसंच डुलत असतं आणि पोटऱ्यांचे स्नायू ते क्षणोक्षणी सावरत असतात. शरीर कुठे कललं ही खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. डोळे भिंती आणि दारं बघून सांगतात. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय डोकं वळलं, झुकलं की सांगतं. आणि तळपायाची त्वचा व घोट्याचे स्नायू दाब टाचेवर आहे की चवड्यावर, ते सांगतात. हळू डुलणं टिपण्यात कान फारसे तरबेज नसतात. ते काम मुख्यतः डोळे आणि पाय करतात.

मोरित्झ रॉम्बर्ग या जर्मन वैद्यांनी एकोणिसाव्या शतकात हे रुग्णांमध्ये पाहिलं. पायांची जाणीव गेलेली माणसं उजेडात नीट उभी राहायची, पण डोळे मिटले की डोलू लागायची. आत्याचंही तेच झालंय. मी तिच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर 128 हर्ट्झचा नादकाटा कंप देऊन टेकवला, तर तिला फक्त थंड धातू जाणवला, कंप नाही. मधुमेहाने तळपायाची खबर पुसट केली होती आणि त्या रात्री वीज गेल्यावर डोळ्यांचीही खबर बंद झाली. अमावास्येचा संबंध होता तो एवढाच.

पण मग ती जूनपर्यंत का पडली नव्हती? रात्री मोरीकडे तर ती रोज जाते, आणि आमच्याकडे वीजही नेहमीच जाते. पडवीत गेले तेव्हा कारण दिसलं. पावसाळ्याची बेगमी म्हणून भिंतीलगत फाटी रचून ठेवली होती. आत्या वर्षानुवर्षं डाव्या हाताची बोटं भिंतीवर फिरवत जात असे. फाट्यांच्या राशीपाशी भिंत हातून सुटली आणि तिथेच ती पडली.

भिंतीला नुसतं बोट लावलं तर आधार तो किती? वजनाच्या भाषेत जवळजवळ नाहीच. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी 1990च्या दशकात लोकांना डोळे मिटून उभं केलं आणि एक बोट स्थिर वस्तूला फक्त टेकवायला सांगितलं. दाब एक न्यूटनहून कमी, म्हणजे शंभर ग्रॅमचं वजन बोटावर ठेवावं त्याहूनही कमी. एवढ्याने शरीर उचलून धरता येत नाही, तरी डुलणं स्पष्ट कमी झालं. कारण बोट आधार देत नाही, खबर देतं. शरीर जरा कललं की बोटाची त्वचा भिंतीवर किंचित ओढली जाते, मेंदूला दिशा कळते आणि पोटरी वेळेत आवळते. तळपायाचं काम बोटाचं टोक करतं. म्हणून एका हातात काठी आणि दुसऱ्यात टॉर्च हे चांगलं नव्हे. टॉर्चने सावल्या हलतात आणि भिंतीला लावायला हात उरत नाही.

आम्ही फाटी गोठ्यात हलवली आणि खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला कंबरेच्या उंचीवर तासून गुळगुळीत केलेली दांडी ब्रॅकेटने पक्की बसवली. ती माणसाचा भार पेलेल अशीच हवी, कारण कधीतरी ती घट्ट धरावी लागणारच. कपड्याची दोरी चालत नाही.

उजेडाचंही असंच बारकाईने बघावं लागलं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. शिवाय अंधाराला सरावायला वेळ जास्त लागतो. म्हणून मध्यरात्री डोळ्यांवर एकदम ट्यूबलाईट पडली, तर ती मालवल्यावर काही वेळ काहीच दिसत नाही. आम्ही बॅटरीवर चालणारे, माणूस हलला की लागणारे पिवळे दिवे घोट्याच्या उंचीवर लावले: खाटेशी, उंबरठ्याशी आणि मोरीच्या दाराशी. उंबरठ्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढला.

चप्पल आत्याचीच होती, दोन पट्ट्यांची रबरी. ती मागून मोकळी असल्याने पायातून निसटू नये म्हणून बोटं आवळून, पाय घासत चालावं लागतं. सूज म्हणून कोणीतरी मऊ जाड तळव्याची आणली होती, पण मऊ तळव्यावर घोट्याची उरलीसुरली खबरही बुडते. तळवा पातळ आणि टणक हवा, टाच रुंद आणि बुटकी, मागे पट्टा आणि तळाला खोल खाचा. पाणी त्या खाचांतून बाजूला सरतं आणि रबर लादीला टेकतं. चप्पल उलटी करून टाचेखाली बघा, खाचा पुसल्या असतील तर ती ओल्या पडवीत नको. शेवाळ मात्र पाण्यासारखं बाजूला सरत नाही. जांभ्यावरचा बुळबुळीत थर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासूनच काढावा लागतो. जत्रेत मिळणाऱ्या टोकदार मण्यांच्या ॲक्युप्रेशर चपला बधिर पायांना अजिबात घालू नका. मणी रुतून जखम झाली तरी कळणार नाही. याच कारणाने अनवाणी फिरणंही नको. नवी चप्पल आम्ही संध्याकाळी घेतली, दिवसभराने पाय सुजलेले असताना.

आता व्यायाम. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून, मागे खुर्ची आणि शेजारी सून. आधी पाय जोडून 10 सेकंद. ते जमलं की एक पाय अर्धा पुढे. तेही जमलं की एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत. प्रत्येक पायरीवर हात आधी पूर्ण पकडलेला, मग दोन बोटं, मग एक. जे सहज जमतं तेच करत राहिलं तर मेंदू काही शिकत नाही, थोडं डुलायलाच हवं. याशिवाय खुर्चीतून हातांचा आधार कमी कमी घेत उठणं-बसणं, कारण पाय अडखळला तर मांडीच सावरते. अशा व्यायामांनी पडण्याचं प्रमाण साधारण पावपट कमी होतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलंय. नुसत्या चालण्याचा तसा भरवसा नाही. बधिर पाय मात्र याने बरे होत नाहीत. आणि उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते रक्तदाबाचं किंवा गोळ्यांचं काम असू शकतं, ते डॉक्टरांकडे न्यायचं.

आत्याने आठवड्यातून तीन दिवस हे केलं. ऑगस्टमध्ये एका रेषेतले पाय तिला दोन सेकंदही जमत नव्हते. डिसेंबरात ओट्यावर एक बोट टेकवून तिने पूर्ण दहा काढले. बोट उचललं की मात्र अजून डुलते, म्हणून दांडी राहणार आहे आणि पुढच्या पावसाळ्यातही फाटी गोठ्यातच.