आईस्क्रीमचा टँकर आणि हॅसपच्या परीक्षेतला सगळ्यात फसवा प्रश्न

हॅसप म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून ते कुठे रोखायचे हे ठरवायची पद्धत, आणि त्यावरच्या फूड सेफ्टीच्या सर्टिफिकेशनला बसणारे बरेच जण एका ठराविक प्रश्नावर मार्क घालवतात. खाली चार गोष्टी दिल्यात, यातली सीसीपी, म्हणजे क्रिटिकल कंट्रोल पॉइंट, कोणती? कामगारांनी हात धुणं, किचनमधे झुरळं-उंदीर येऊ न देणं, कच्च्या चिकनसाठी वेगळा चॉपिंग बोर्ड आणि चिकन आतून ७४ अंशाला शिजवणं. उत्तर शेवटचं आहे हे पुष्कळांना पाठ असतं, पण का ते विचारलं की गाडी अडते, कारण डोक्यात असं बसलेलं असतं की जे जास्त महत्त्वाचं ते सीसीपी आणि जे कमी महत्त्वाचं ते पीआरपी. आणि मग हात धुणं महत्त्वाचं नाही का, असा गोंधळ सुरू होतो.

किती महत्त्वाचं याचा इथं काही संबंधच नाही. पीआरपी म्हणजे प्रीरिक्विझिट प्रोग्राम, ते अख्ख्या जागेची काळजी घेतात: पाणी, साफसफाई, पेस्ट कंट्रोल, माणसांची स्वच्छता, भांडी-मशिनरी, वाहतूक. आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०११ च्या लायसन्स नियमांमधलं शेड्युल ४ उघडून बघा, त्यात बहुतेक सगळं हेच आहे. सीसीपी मात्र प्रोसेसमधल्या एका ठराविक टप्प्यावर बसतो, एका ठराविक धोक्यासाठी, तिथं मोजता येईल अशी लिमिट असते आणि ती लिमिट तुटली तर नेमका कुठला माल बाजूला काढायचा हे सांगता येतं. चिकन ७४ अंशाला गेलं की पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू मेला, ६५ च्या आसपास काढून लगेच वाढलं तर तो पातेल्यातला माल पुढे जाऊ द्यायचा नाही. हात धुण्याला अशी लिमिट कशी लावणार? सकाळपासून कोणीतरी एकदा नीट धुतले नाहीत तर कुठली प्लेट फेकायची?

आता परीक्षेत खरी फजिती करतो तो प्रश्न बघू, आणि तो खऱ्या घटनेवरूनच बघितलेला बरा. १९९४ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मार्शल गावच्या श्वान्स कंपनीचं आईस्क्रीम खाऊन लोक आजारी पडायला लागले. साल्मोनेला एन्टरिटिडिस. नंतर अंदाज निघाला तो देशभरात साधारण २,२४,००० लोकांचा. आईस्क्रीमचं मिक्स म्हणजे दूध, साखर, क्रीमचं तयार मिश्रण बाहेरच्या प्लांटमधे पाश्चराइज होऊन टँकरने यायचं. अशा मिक्सला तिकडे साध्या दुधापेक्षा जास्त तापवायचा नियम आहे, दुधाला ७२ अंश आणि १५ सेकंद पुरतात तर मिक्सला साधारण ८० अंश आणि २५ सेकंद, कारण फॅट आणि साखर जास्त असली की जंतूंना थोडं संरक्षण मिळतं. तपासात सगळ्यात दाट संशय गेला तो टँकरवर. ज्या टँकरमधून हे मिक्स यायचं त्याच टँकरमधून आधी पाश्चराइज न केलेली पातळ अंडी नेली गेली होती.

म्हणजे सीसीपी आपल्या जागी होता, पाश्चरायझर. तिथं टेंपरेचर लिमिटच्या खाली गेलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह उघडतो आणि अर्धवट तापलेलं मिक्स आपोआप परत कच्च्या टाकीत जातं. पण हे सगळं तिथपर्यंतच. पाश्चरायझरमधून बाहेर पडलेल्या मिक्समधे नंतर काही मिसळलं तर त्या व्हॉल्व्हला काहीच कळत नाही. आणि पुढे आईस्क्रीम होईपर्यंत जंतू मारणारा एकही टप्पा नव्हता. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, तो नुसता थांबून राहतो.

परीक्षेत हे असं येतं: पाश्चराइज्ड मिक्स टँकरने येतं, टँकरच्या साफसफाईतून साल्मोनेलाचा धोका आहे, तर कंट्रोल कुठे? बरेच जण पाश्चरायझेशन सीसीपी असं टिक करतात कारण शब्द ओळखीचा असतो. पण विचारलेला धोका पाश्चरायझेशननंतर येतोय, त्यामुळे त्याचं उत्तर पीआरपीमधे आहे: टँकर फक्त याच मालासाठी, धुतल्याची नोंद, आल्यावर सील आणि आतून तपासणी. मग टँकर धुणं हाच सीसीपी का नाही करत, असा पुढचा प्रश्न येतो. कारण धुतलेल्या टँकरमधे कुठल्या तरी गास्केटमागे थोडंसं अंडं राहिलं असेल तर ते त्या क्षणी मोजायला सरळ आकडा नाही, आणि जंतू इतके थोडे आणि विखुरलेले असू शकतात की एक सॅंपल घेऊन क्लीन रिपोर्ट आला तरी खात्री देता येत नाही. लिमिट लावता न येणाऱ्या गोष्टीला सीसीपीचं लेबल लावलं की कागदावर कंट्रोल दिसतो आणि प्रत्यक्षात काहीच नसतं. ऑडिटमधे दहा-पंधरा सीसीपी लिहिलेला प्लॅन दिसला की मला तरी पहिली शंका हीच येते.

आयएसओ २२००० मधे अशा मधल्या गोष्टींसाठी ओपीआरपी आहे, ऑपरेशनल प्रीरिक्विझिट प्रोग्राम. तो ठरलेल्या धोक्यासाठीच असतो पण त्याचा निकष मोजलेला नसून नुसता बघून ठरवलेला असला तरी चालतो. सीसीपीची लिमिट तुटली की माल सरळ असुरक्षित धरायचा, ओपीआरपीचा निकष चुकला की थांबून किती धोका झाला ते तपासून ठरवायचं. आधी काजू-पिस्ता फ्लेवर केला आणि त्याच लाइनवर साधं व्हॅनिला घ्यायचंय, तर मधली साफसफाई ही साधारणपणे या खान्यात बसते. काजू-पिस्त्यातलं ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा घटक, तापवून जात नाही, म्हणून पाश्चरायझर इथेही कामाचा नाही.

उलट बाजूचा सापळा पण असतो. गाईने बुरशी लागलेली पेंड खाल्ली की दुधात अफ्लाटॉक्सिन एम१ हे विष उतरतं आणि पाश्चरायझेशनने ते जात नाही. प्रश्नात दूध स्वीकारतानाची टेस्ट आणि पाश्चरायझेशन दोन्ही दिलेले असतात. इथं धोका टँकरबरोबर आत येतो, पुढे कुठेच निघणार नाही, पण टेस्टला आकडा आहे आणि फेल झालेला टँकर परत पाठवता येतो, म्हणून बहुतेक प्लॅनमधे स्वीकारणं हा सीसीपी होतो. अँटिबायोटिकच्या अंशांचं पण तेच. आणि त्याच दुधातल्या साल्मोनेलासाठी मात्र स्वीकारणं सीसीपी नाही, कारण पुढे पाश्चरायझर बसलाय. टप्पा तोच, धोका बदलला की उत्तर बदलतं, त्यामुळे प्रश्नात धोक्याचं नाव कुठे लिहिलंय ते आधी शोधायचं.

श्वान्सने नंतर मिक्स आल्यावर स्वतःच्या प्लांटमधे परत पाश्चराइज करायला सुरुवात केली आणि टँकर वेगळे ठेवले. हा बदल प्रश्न म्हणून सोडवून बघा. टँकरमधून आलेल्या साल्मोनेलासाठी आता पुढे मारणारा टप्पा आहे, म्हणून सीसीपी प्लांटमधला पाश्चरायझर, टँकर धुणं पीआरपी म्हणून चालूच. पण त्या पाश्चरायझरनंतर आईस्क्रीममधे फळांचे तुकडे, सुकामेवा, चॉकलेट पडतं, ते तापवलं जात नाही, आणि भरणाऱ्या मशिनचे नोझल, माणसांचे हात, वरून टपकणारं दमटपणाचं पाणी हे सगळं तिथंच आहे. त्या भागासाठी परत सप्लायरची तपासणी आणि साफसफाईच.