सीमेपलीकडे नेलेल्या गाडीचा विमा

आपली मोटर पॉलिसी उघडून बघितली तर त्यात 'जिऑग्राफिकल एरिया : इंडिया' अशी एक ओळ असते, जी शक्यतो कुणी वाचत नाही, कारण साताऱ्याहून गोव्याला किंवा सांगलीहून बेळगावला जाताना तिचा काही संबंधच येत नाही. गाडी देशाबाहेर गेली की मात्र सगळं त्या ओळीवर येऊन थांबतं, कारण पॉलिसी कितीही भारी असली, घसारा न कापणारी झिरो डेप असली, तरी सीमेच्या पलीकडे ती चालतच नाही, जोपर्यंत तो एरिया कंपनीकडून वाढवून घेतलेला नाही. इथं मुख्यतः नेपाळचंच बघू. आपल्या सातारा-सांगलीतून गाडी बाहेर जाते ती बहुतेक वेळा तिकडंच, म्हणजे काशी-अयोध्या करून पुढं पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करणारे यात्रेकरू, बुलेटवाली पोरं, आणि विटा-खानापूर-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले, ज्यांची दुकानं यूपी-बिहारात आहेत आणि एमएच-१० च्या गाडीला तिथून नेपाळ म्हणजे काही तासांचं अंतर.

यात दोन वेगवेगळे कागद लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत, ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं सोपं जातं. पहिला कागद आपल्याच कंपनीचा, एरिया वाढवून देणारा. दुसरा तिथल्या कंपनीचा, तिथल्या माणसाला काही झालं तर भरपाई देणारा. एक आहे म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

पहिल्या कागदाला एन्डॉर्समेंट म्हणतात, नंबर आयएमटी १. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये यासाठी सहा देशांची यादी दिलेली आहे : बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. त्या टॅरिफमध्ये दरही ठरवून दिला होता, आपल्या गाडीचं नुकसानही भरणाऱ्या पॅकेज पॉलिसीला ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला १०० रुपये, गाडी मोटरसायकल असो की बस, दर तोच, वर टॅक्स, आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने. आता ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचे, दर कंपन्या आपापले ठरवतात त्यामुळं आकडा विचारूनच घ्यावा, पण खर्चाच्या मानानं हे अजूनही किरकोळच प्रकरण आहे. लोक पैशामुळं अडत नाहीत, तर ऑनलाइन पॉलिसी काढताना हा पर्याय सहसा दिसत नाही आणि मग विषय तिथंच राहतो. शाखेत किंवा एजंटकडं लेखी मागावं लागतं, गाडी नंबर, देश आणि तारखा देऊन, आणि निघायच्या आधी, कारण एन्डॉर्समेंटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सुनौलीच्या बॉर्डरला पोचल्यावर फोन करून 'साहेब तेवढं वाढवून द्या' म्हणायला गेलं तर रविवार निघतो.

एक गोष्ट हल्लीच्या गाड्यांना विशेष लागू आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांची आणि टू-व्हीलरला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम काढावी लागते, आणि ओन डॅमेज मात्र दरवर्षी वेगळा, तोही स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्याच कंपनीचा घेतलेला असतो. म्हणजे एका गाडीच्या दोन पॉलिस्या, दोन कंपन्या. एरिया एकीकडं वाढवला म्हणून दुसरीकडं आपोआप वाढत नाही, दोन्हीकडं मागावा लागतो.

आता दुसरा कागद. नेपाळच्या कायद्यात गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तिकडं त्याला 'तेस्रो पक्ष बीमा' म्हणतात, आणि बॉर्डरवर थोड्या दिवसांसाठी तो काढून देणारे लोक असतात. आपल्या एन्डॉर्समेंटमध्ये थर्ड पार्टीही येते, मग हा दुसरा खर्च कशाला असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या पॉलिसीतली थर्ड पार्टी बांधलेली आहे भारताच्या मोटार वाहन कायद्याला, तिचे दावे चालतात आपल्याकडच्या ट्रिब्युनलपुढं, आणि नेपाळात बुटवलजवळ पाय मोडून पडलेला माणूस काही साताऱ्याच्या कोर्टात येणार नाही. तिथल्या पोलिसाला तिथला कागद आणि त्या माणसाच्या घरच्यांना पैसे तिथल्या कंपनीकडून, तिथल्या कायद्यानं हवे असतात, आणि तडजोड होईपर्यंत गाडी चौकीत उभी राहू शकते.

बॉर्डरवर आणखी एक कागद मिळतो तो भन्साराचा, म्हणजे कस्टमचा. गाडी किती दिवस नेपाळमध्ये ठेवणार त्याप्रमाणे त्याचे पैसे भरायचे. बरेच जण याची पावती म्हणजेच विमा असं धरून चालतात. त्याचा विम्याशी काही संबंध नाही, ती फक्त गाडी तात्पुरती आत आणायची परवानगी. आणि या तिकडच्या कागदांवर तारीख विक्रम संवतातली असू शकते, वर्ष आपल्यापेक्षा ५६-५७ नं पुढं आणि महिना आपल्या एप्रिलच्या मध्यावर सुरू होणारा वैशाख, त्यामुळं 'किती तारखेपर्यंत' हे काउंटरवरच इंग्रजी तारखेत विचारून कागदाच्या मागं लिहून ठेवलेलं बरं.

समजा विट्याकडची एक कार आहे, १२०० सीसी, अडीच वर्षांची, थर्ड पार्टी तीन वर्षांची, ओन डॅमेज साधा, झिरो डेप नाही. दोन्ही पॉलिस्यांवर एन्डॉर्समेंट घेतली, सुनौलीहून आत गेली, भैरहवा, बुटवल करून पोखऱ्याच्या घाटाला लागली आणि एका वळणावर समोरून आलेल्या मोटरसायकलला घासून डोंगराच्या बाजूच्या भिंतीवर आदळली. मोटरसायकलवाल्याला लागलं. त्याचं जे काही असेल ते तेस्रो पक्ष बीमाकडं जाईल, त्यासाठी तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट लागेल. तोच रिपोर्ट आपल्या क्लेमलाही लागणार आहे, म्हणून त्याची शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही. नेपाळी देवनागरीत असल्यानं निदान आपल्याला वाचता येतो, पण कंपनी भाषांतर मागू शकते.

गाडीचं नुकसान आपल्या पॉलिसीचं काम. इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात ते गाडी घाईनं दुरुस्त करून. स्टँडर्ड पॉलिसीच्या अटीत कंपनीला न विचारता दुरुस्तीचा अंदाजे खर्च फक्त ५०० रुपयांपर्यंत चालतो, आणि ५०० रुपयांत आता आरसाही बसत नाही. म्हणजे आधी कळवायचं, लगेच आणि लेखी, मेल केला तरी चालतं, मग कंपनी सर्व्हेअर पाठवते की फोटो-व्हिडिओवर भागवते हे ती ठरवेल, आणि तिचा होकार आल्यावरच गॅरेजवाल्यानं पाना हातात घ्यायचा. कॅशलेसच्या भरवशावर तिकडं राहू नये, खिशातून भरून बिलं आणायची असाच हिशेब धरावा.

बिल झालं नेपाळी ८०,००० रुपये. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे, १ ला १.६०, म्हणजे आपले ५०,०००. त्यात पत्र्याचे पार्ट २०,०००, बंपर वगैरे प्लास्टिक १५,०००, काच ५,००० आणि मजुरी १०,०००. गाडी दोन ते तीन वर्षांच्या मधली असल्यानं पत्र्यावर १५ टक्के घसारा, म्हणजे १७,००० मिळतील. प्लास्टिकवर सरळ निम्मा, ७,५००. काचेवर घसारा नाही, मजुरीवरही नाही. बेरीज ३९,५००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे कापायचे १,००० गेले की हातात ३८,५००. पदरचे ११,५०० गेले, पण एन्डॉर्समेंट नसती तर सगळे ५०,००० गेले असते.

यात टोइंगचं धरलेलं नाही. साध्या पॉलिसीत अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजला न्यायला आणि परत द्यायला मिळून १,५०० रुपयांची मर्यादा आहे, घाटातून बुटवलपर्यंत खाली आणायलाच तेवढे संपतील. रोडसाइड असिस्टन्स म्हणून जे घेतलेलं असतं ते बहुतेक भारतापुरतंच असतं. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट असले ॲड-ऑनसुद्धा एरियाबरोबर वाढले का, हे एन्डॉर्समेंटवर नसेल तर मेल करून उत्तर मागवावं, तोंडी 'हो हो सगळं येतं' ला काही अर्थ नाही.

दरड कोसळून गाडी दबली तर? पॅकेज पॉलिसीत दरड आणि खडक कोसळणं ही नावानिशी दिलेली जोखीम आहे, त्यामुळं एरिया वाढवलेला असेल तर तो क्लेम बसतो. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर याला महत्त्व आहे.

खरी गडबड पांढऱ्या पाटीच्या गाडीत होते. गावातली सात-आठ माणसं, डिझेल वाटून घ्यायचं म्हणून निघतात आणि डोक्यामागं ठरावीक रक्कम गाडीमालकाला देतात. हे भाड्यानं चालवणं झालं, आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत ते बसत नाही, भारतात नाही तसंच नेपाळमध्येही नाही, अपघातानंतर एका प्रवाशानं जबाबात 'इतके दिले' म्हटलं की क्लेम अडकतो. पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर घेऊन जाणाऱ्यांनी परमिटचे कागद वेगळे बघायचे, ते एन्डॉर्समेंटनं भागत नाहीत.

आणि पॉलिसी प्रवासात संपणार असेल तर रिन्यू केल्यावर जुनी एन्डॉर्समेंट नव्या पॉलिसीत आपोआप येते असं समजू नये. नव्या पॉलिसी नंबरवर ती परत घ्यावी लागते.

यादीतल्या बाकी देशांपैकी भूतान हा नेपाळसारखाच, जयगाव-फुन्शोलिंगहून, तिथंही तिकडचा स्थानिक विमा परमिट काढतानाच विचारून घ्यायचा. पाकिस्तान यादीत आहे पण सहलीला गाडी घेऊन तिकडं जाणं सध्या कागदावरच. श्रीलंका आणि मालदीवला गाडी जहाजानंच जाणार, आणि आयएमटी १ मध्ये समुद्र किंवा हवाई प्रवासातलं नुकसान स्पष्टपणे वगळलेलं आहे, तेवढ्या टप्प्याला वेगळा मरीन विमा लागतो.

म्यानमार, चीन, इराण, युरोप या यादीत नाहीत. मणिपूरच्या मोरेहून थायलंड गाठायचं किंवा लंडनपर्यंत जायचं म्हणणाऱ्यांना या एन्डॉर्समेंटचा काही उपयोग नाही, प्रत्येक देशाचा स्थानिक विमा घेत जावं लागतं. युरोपात १९५३ पासून ग्रीन कार्ड पद्धत आहे, एका देशातल्या कंपनीचं कार्ड दुसऱ्या देशात थर्ड पार्टीसाठी चालतं, इराण आणि तुर्कस्तानही त्यात आहेत, पण भारत नाही, त्यामुळं आपली कंपनी ते कार्ड देऊ शकत नाही. आपल्या नंबरच्या गाडीला सीमेवरच मुदतीचा विमा विकत घ्यावा लागतो, त्याला फ्रंटियर इन्शुरन्स म्हणतात, आणि तो फक्त थर्ड पार्टीचा असतो, स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून जे कार्नेट मिळतं ते गाडी परत नेऊ याची कस्टमला दिलेली हमी आहे, विमा नव्हे, आणि तिथं मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते म्हणून लोकांना ते विमाच वाटतं.