बारावा कोण आणि तेरावा कोण?

जुलैच्या अखेरीस नागपुरात मैदान दोन तास कोरडं मिळालं तरी नशीब. अशाच एका सकाळी एका शाळेत चौदा वर्षांखालील खो-खो संघाची निवड होती. मुलं एकेचाळीस, जागा बारा. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. शाळेतले क्रीडाशिक्षक मित्र म्हणाले, "तू फक्त कागद सांभाळ." म्हणून गेलो.

पहिली कसोटी तीस मीटर धाव. बाराव्या मुलाची वेळ ५.२४ सेकंद, तेराव्याची ५.२७. यादी तयार झाली, बाराव्या नावाखाली रेघ ओढली गेली. मला ती रेघ खटकली. या वेगाने तीन शतांश सेकंदात मूल सुमारे सतरा सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे वीतभरही नाही. आणि वेळ घेतली होती हातातल्या स्टॉपवॉचवर.

शिट्टी ऐकून बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. शेवटच्या रेषेवर मात्र मूल येताना दिसतं, त्यामुळे बोट आधीच तयार असतं. म्हणून हातानं घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. सगळ्यांची सारखीच कमी भरली तर क्रम बदलत नाही. पंचाईत होते ती चूक दर वेळी थोडी वेगळी होते तेव्हा. आम्ही एकाच धावेवर दोघांची घड्याळं लावून पाहिली. फरक बऱ्याचदा एक दशांश सेकंदापर्यंत गेला. त्यात सकाळी अर्धी मुलं एका सरांकडे आणि अर्धी दुसऱ्या सरांकडे पळाली होती. म्हणजे काही मुलांच्या वेळेत त्या सरांचं बोटही मिसळलेलं होतं.

मग रेघेऐवजी पट्टा आखला. ५.२४ च्या अलीकडे-पलीकडे एक दशांश धरला, तर नवव्यापासून पंधराव्यापर्यंत सात मुलं त्यात आली. पहिली आठ आत. उरलेल्या चार जागांसाठी ही सात मुलं घड्याळाच्या लेखी सारखीच.

खरं तर सरळ धाव ही खो-खोची अर्धीच परीक्षा. खांबाला वळसा, हुलकावणी, पाटीवरच्या मुलांमधून नागमोडी सुटणं, हे तीस मीटरमध्ये कुठे दिसतं? त्यामुळे त्या सातजणांना संरक्षणाला उतरवलं. प्रत्येकाला तीन डाव, दर वेळी तिघांच्या तुकडीत साथीदार वेगळे. कोण केव्हा उतरणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण आपली काळी माती सकाळी चिकट असते आणि ऊन चढलं की पाय चांगला धरते. ओळीने सोडलं असतं तर पहिल्यांना विनाकारण फटका बसला असता. बाद होईपर्यंतचे सेकंद लिहिले. एका मुलाचे आकडे १८, ५२ आणि २५. बावन्नवर भाळायचं नाही, तेव्हा कदाचित समोरचा मुलगा घसरला असेल. सरासरी काढली तरी ते बावन्न तिला वर ओढतंच. म्हणून मधला आकडा घेतला, पंचवीस. हुलकावणीला दोन शिक्षकांनी एकमेकांचा कागद न पाहता पाचपैकी गुण दिले. मुलांच्या छातीवर फक्त क्रमांक होते. दोघांच्या गुणांत एकाहून जास्त फरक पडला की तो डाव पुन्हा खेळवायचा. आणि सेकंद आधी पाहायचे, ते जवळजवळ सारखे असतील तरच गुण, हे चिठ्ठ्या काढण्याआधीच फळ्यावर लिहिलं होतं. निकाल दिसल्यावर नियम ठरवायला लागलो की आवडतं मूल हमखास आत येतं (माझंही आलं असतं).

या सगळ्यातून एक गोष्ट सुटतेच. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीचं मूल डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठं असतं, आणि मुलगे झपाट्याने वाढतात त्या वर्षात उंची आठ-दहा सेंटिमीटरने वाढू शकते. कॅनडात १९८५ मध्ये रॉजर बार्न्सले यांनी आइस हॉकीच्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दाखवली होती. आपल्या शाळेत हे तपासायचं, तर एका वर्षाची बारा नावं पुरत नाहीत, इतक्या थोड्यांत योगायोगही तसाच दिसतो. चार वर्षांची अठ्ठेचाळीस नावं घ्यावीत. शाळेतली मुलं साधारण बाराही महिन्यांत सारखी जन्मलेली असतील, तर जानेवारी ते मार्चमध्ये बाराच्या आसपास यायला हवीत. पंचवीस आली, तर आपण कौशल्याबरोबर वाढही निवडतोय.

दुसऱ्या दिवशी यादी सूचनाफलकावर लावण्याआधी सरांनी एकेकाला बोलावलं. न निवडलेला एक मुलगा म्हणाला, "सर, मी तर पयलो होतो चांगला, मग काहून नाही?" सरांनी त्याच्यापुढे त्याचाच कागद ठेवला. धाव ५.२७, पट्ट्यात. संरक्षणात १४, २१, १६. तिन्ही वेळा खांबाजवळ बाद, दोनदा वळताना वेग तुटला म्हणून. "पळणं कमी नाही तुझं," सर म्हणाले, "खांबाला वळतोस तिथं थांबतोस. तेवढंच धर. १६ ऑगस्टला पुन्हा तीन डाव घेतो."

मुलाने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि विचारलं, "तवाबी चिठ्ठ्याच टाकान का?"