अर्धचल खर्चाचा अंदाज : लघुतम वर्ग पद्धती

अर्धचल खर्च म्हणजे ज्याचा काही भाग काम होवो न होवो लागतोच आणि उरलेला कामाच्या प्रमाणात वाढतो असा खर्च. यंत्रांची देखभाल, वीज, वाहनांचा वापर ही नेहमीची उदाहरणे. हिशेबाच्या वहीत मात्र महिन्याचा एकच आकडा असतो, त्याचे दोन भाग कोणी लिहून ठेवत नाही. ते भाग मागच्या महिन्यांच्या आकड्यांवरून काढण्याची एक रीत म्हणजे लघुतम वर्ग पद्धतीचे समाश्रयण. यात y = a + bx ही सरळ रेषा आकड्यांतून अशी काढतात की, प्रत्यक्ष खर्च आणि रेषेवरचा खर्च यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील. येथे y हा खर्च, x हे कामाचे माप, a हा अंतःखंड (इंटरसेप्ट) व b हा चढ (स्लोप).

पद्धतीच्या जनकत्वाचा वाद जुना आहे. आद्रियँ मारी लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांच्या संदर्भात प्रथम छापली. कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी १८०९ मध्ये, आपण ती १७९५ पासूनच वापरत आहोत, असे लिहिले व लजांद्र यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला. गाउस यांच्या हाती ही रीत आधीपासून असणे अशक्य वाटत नाही. तरी प्रकाशनाचा अग्रक्रम लजांद्र यांना आणि संभाव्यतेच्या आधारे तिला बैठक देण्याचे श्रेय गाउस यांना, ही वाटणी अधिक सयुक्तिक दिसते. रॉबर्ट एड्रेन यांनीही १८०८ च्या सुमारास अमेरिकेत स्वतंत्रपणे तिची मांडणी केली होती. समाश्रयणासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘रिग्रेशन’ हा शब्द खगोलशास्त्रातला नव्हे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईवडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना १८८५–८६ च्या सुमारास तो रूढ केला. त्यातील ‘मागे सरण्याचा’ अर्थ खर्चाच्या रेषेत उरलेला नाही, त्यामुळे मराठीत ‘प्रतीपगमन’पेक्षा ‘समाश्रयण’ बरा. जॉर्ज उडनी यूल यांनी १८९७ मध्ये समाश्रयणाची सांगड लघुतम वर्गांशी घातली. कारखान्यांच्या खर्चाला ही साधने लावणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांत जोएल डीन यांचे १९३६ मधील काम महत्त्वाचे मानतात.

गणित पुढील उदाहरणात दिसेल. एका यंत्रविभागाचे सहा महिन्यांचे यंत्रतास (शंभरांत) व देखभालखर्च (हजारांत) असे आहेत :

| महिना | तास x | खर्च y | रेषेवरचा खर्च | फरक |
|---|---|---|---|---|
| १ | ३ | ३३ | ३२ | +१ |
| २ | ४ | ३५ | ३६ | −१ |
| ३ | ५ | ४३ | ४० | +३ |
| ४ | ६ | ४१ | ४४ | −३ |
| ५ | ७ | ५० | ४८ | +२ |
| ६ | ५ | ३८ | ४० | −२ |

तासांची सरासरी ५ आणि खर्चाची ४०. प्रत्येक महिन्याचे दोन्ही सरासरींपासूनचे अंतर काढून त्यांचे गुणाकार केले, तर बेरीज ४० येते. तासांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १०. म्हणून b = ४०/१० = ४ आणि a = ४० − ४×५ = २०. संगणकाच्या तक्त्यात हेच `SLOPE` व `INTERCEPT` ही फलने देतात. उच्च-नीच पद्धतीने फक्त सर्वांत कमी व सर्वांत जास्त तासांचे महिने, म्हणजे पहिला व पाचवा, घेतले असते तर चढ ४.२५ व अंतःखंड २०.२५ आला असता. येथे फरक किरकोळ आहे, पण दोन टोकांपैकी एखादा महिना विचित्र असता तर तो तसा राहिला नसता.

चढाचा अर्थ लावताना आधी एकके पाहावीत. शंभर तासांना चार हजार, म्हणजे जादा चाललेल्या प्रत्येक तासाला सुमारे ४० एवढा देखभालखर्च. हा वाढीव खर्च आहे, सरासरी खर्च नव्हे : पाचशे तासांना एकूण खर्च चाळीस हजार, म्हणजे तासाला ८०. जादा पाळी चालवायची की नाही हे ठरवताना ८० चा आकडा घेतला, तर स्थिर भाग पुन्हा मोजला जातो.

अंतःखंडाचे वाचन याहून कठीण आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी येथे घाई करतात. वीस हजार हा ‘स्थिर खर्च’ असे सरळ लिहिले जाते. पण हाती असलेले तास तीनशे ते सातशे आहेत. शून्य तासांचा महिना कोणी पाहिलेला नाही. विभाग खरोखर बंद ठेवला तर करार मोडले जातील, माणसे हलवली जातील आणि खर्च वेगळाच येईल. वीस हजार म्हणजे पाहिलेल्या पल्ल्यात रेषेला योग्य उंचीवर ठेवणारा आकडा. तीच रेषा शून्यापर्यंत मागे नेणे हा अंदाजावरचा अंदाज होय. अंतःखंड ऋण आला तर स्थिर खर्च ऋण आहे असा अर्थ होत नाही. बहुधा खर्चाची वाट वाकडी आहे किंवा पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारी आहे, आणि तिच्यावर सरळ रेषा लादली गेली आहे.

अनिश्चितताही हेच सांगते. वरील फरकांच्या वर्गांची बेरीज २८. तिला ४ ने (सहा निरीक्षणे वजा दोन) भागून वर्गमूळ घेतले की २.६५ येते. त्यावरून अंतःखंडाची प्रमाण त्रुटी सुमारे ४.३ निघते, म्हणजे ९५ टक्के विश्वासाचा पल्ला ढोबळमानाने ८ ते ३२ हजार. सरासरी पाचशे तासांच्या अपेक्षित खर्चाची त्रुटी मात्र जेमतेम १.१ आहे. एकूण खर्च नीट कळतो, त्याची वाटणी कळत नाही. रेषा सरासरीच्या बिंदूतून जाते. ती त्या बिंदूभोवती थोडी फिरली की चढ वाढतो आणि अंतःखंड उतरतो. म्हणून दोन्ही आकडे एकमेकांपासून सुटे करून वापरणे धोक्याचे.

फरकांचा स्तंभ न वाचता, खर्चाच्या चढउतारांचा किती भाग रेषेने उलगडतो हे सांगणाऱ्या निर्धारण गुणांकावर (येथे ०.८५) समाधान मानण्याची सवय वाईट आहे. तिसऱ्या महिन्यात +३ व लगेच चौथ्यात −३ हे संशयास्पद आहे. समजा, पावत्या पाहिल्यावर असे आढळले की चौथ्या महिन्यात वापरलेले तीन हजारांचे वंगण तिसऱ्या महिन्यातच खर्ची टाकले होते. ते जागेवर नेले की तिसऱ्याचा खर्च ४० व चौथ्याचा ४४ होतो. आता चढ ४.३, अंतःखंड १८.५, निर्धारण गुणांक ०.९५, आणि अंतःखंडाची त्रुटी ४.३ वरून २.५ वर येते. ही दुरुस्ती पावतीच्या आधारावरच करावी. फरक डोळ्यांत खुपतो म्हणून केली, तर रेषा देखणी होते, खरी नव्हे.

आणखी दोन दोष अंतःखंड फुगवतात. तासांची नोंदच ढिसाळ असेल, तर चढ खऱ्यापेक्षा चपटा येतो आणि तुटलेला भाग स्थिर खर्चात जाऊन बसतो. दुसरे म्हणजे मोठी दुरुस्ती मुद्दाम मंदीच्या महिन्यात उरकण्याची पद्धत. तिच्यामुळे कमी तासांना जास्त खर्च दिसतो आणि चढ ऋणही येऊ शकतो. अशा वेळी नियोजित दुरुस्ती वेगळी काढून उरलेल्या खर्चावर रेषा बसवतात. अनेक वर्षांचे आकडे एकत्र घेतल्यास भाववाढीचे समायोजन आधी करावे लागते.